मिनी पिल चालू असताना ओव्हरीत ४.८ सेमीची सिस्ट, परत सोनोग्राफी कधी करायची?

कृष्णाकाठची
वय ३१, बाळ सात महिन्यांचं, अंगावर पितं. बाळ दोन महिन्यांचं असल्यापासून डॉक्टरांनी दिलेली डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेते, तीच ती नुसत्या प्रोजेस्टेरॉनची मिनी पिल. पाळी अजून नीट सुरू झालेली नाही. कधी दोन दिवस डाग, कधी महिनाभर काहीच नाही.

गेल्या आठवड्यात ओटीपोटात उजवीकडे जड-जड वाटायला लागलं म्हणून सोनोग्राफी केली. रिपोर्टात असं आहे: उजव्या ओव्हरीत ४.८ × ४.३ × ४.१ सेमीची पातळ भिंतीची सिस्ट, आत थोडे बारीक इको, पडदे किंवा घट्ट भाग दिसत नाही, डावी ओव्हरी नॉर्मल. शेवटी 'हेमरेजिक सिस्टची शक्यता, पाळीच्या पाचव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी करावी'.

आता प्रश्न असा की मला पाळीच येत नाही, तर पाचवा दिवस कुठून आणू? आणि गोळीने बीज बाहेर पडणं थांबतं ना, मग सिस्ट झालीच कशी? सासूबाईंच्या मैत्रिणीची 'अशीच गाठ' काढली होती, त्यामुळे घरात ऑपरेशनची चर्चा सुरू झाली आहे. माझ्या डॉक्टर दोन आठवडे गावाला आहेत.

केतकी७९
घाबरू नकोस गं. मला कॉलेजपासून पीसीओडी आहे, दोन्ही ओव्हरीत ढीगभर सिस्ट आहेत. साखर आणि मैदा बंद कर, रोज पाऊण तास चाल. सहा महिन्यांत पाळी रुळावर येते. मी मेथीचं पाणीही प्यायचे.

कृष्णाकाठची
केतकीताई, मला पीसीओडी नाहीये. एकच सिस्ट आहे, गरोदरपणाआधी पाळी अगदी वेळेवर यायची. पण धन्यवाद.

तात्या मेडिकलवाले
ताई, दुकानात हे रोजचं आहे. सिस्ट आली की डॉक्टर तीन महिने गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं लिहून देतात, २१ गोळ्यांची, त्यात इस्ट्रोजेन असतं. तीन महिन्यांनी बायका सांगायला येतात की गाठ विरघळली. तुमच्या मिनी पिलमध्ये इस्ट्रोजेनच नाही, म्हणून सिस्ट झाली. गोळी बदलून घ्या, काम होईल.

लेस्टरकर
मी इंग्लंडात आहे, माझी गोळी दोन हार्मोन्सची. मागच्या वर्षी वेगळ्याच कारणाने स्कॅन झाला, त्यात डावीकडे ४.१ सेमीची साधी सिस्ट निघाली. पत्र आलं ते एका ओळीचं: साधी सिस्ट, पुढे काही करायची गरज नाही. परत बोलावलंसुद्धा नाही! पुण्यात आईने ते ऐकलं आणि तिकीट काढून इकडे ये म्हणाली. मी गेले नाही. त्यामुळे ४.८ ला परत स्कॅन कशाला, असं मला वाटतं.

सावलीतली ओळ
मी रेडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर सोनोग्राफीच करते. एकेक मुद्दा घेते, कारण वर तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

गोळी असूनही सिस्ट का, ते आधी. तुमची गोळी मेंदूकडून येणारी बीज फोडण्याची आज्ञा, म्हणजे एलएच हार्मोनची उसळी, बहुतेक सगळ्या महिन्यांत अडवते. पण बीजकोश वाढवणारं एफएसएच ती पूर्ण दाबत नाही. म्हणजे कोश वाढायला लागतो, दोन सेमीपर्यंत येतो आणि तिथे त्याला फुटायची आज्ञाच मिळत नाही. काही कोश आपोआप आक्रसतात, काही पाणी भरत फुगत राहतात. तीच फंक्शनल सिस्ट. गोळी निकामी झाली असा त्याचा अर्थ नाही. उलट गोळी ज्या पद्धतीने काम करते त्यातच हे बसतं, आणि गोळीसोबतच्या माहितीपत्रकातही हे लिहिलेलं असतं. हार्मोन सोडणारी तांबी बसवलेल्या बायकांतही आम्हाला असे कोश वारंवार दिसतात.

दोन हार्मोन्सच्या गोळीत एफएसएचही दाबलं जातं, त्यामुळे कोश कमी वाढतात. पण तिथेही सात दिवसांच्या खंडात ते डोकं वर काढतात, आणि पुढचं पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू झालं तर वाढतच जातात.

आता लेस्टरकर. तुमची सिस्ट 'साधी' होती: आत निव्वळ काळं पाणी, भिंत पातळ, बाकी काही नाही. पाळी चालू असण्याच्या वयात अशी सिस्ट ५ सेमीच्या आत असेल तर परत बघायची गरज नसते, पत्र बरोबरच होतं. कृष्णाकाठच्या रिपोर्टात मात्र 'आत बारीक इको' आहेत. आकार जवळपास सारखा असला तरी चित्र वेगळं आहे.

कृष्णाकाठची, एक सांगा. सोनोग्राफी फक्त पोटावरून झाली की आतूनही? आणि लघवी नीट साठली होती का?

कृष्णाकाठची
फक्त पोटावरून. बाळ बाहेर रडत होतं, म्हणून पाणी पिऊन थांबलेच नाही, 'आहे तसं बघा' म्हणाले.

सावलीतली ओळ
मग माझा अंदाज पक्का होतो. मूत्राशय अर्धवट भरलेलं असताना पोटावरून बघितलं की आतड्यातला वायू मध्ये येतो आणि काळ्या पाण्यातही खोटे ठिपके दिसतात. खरा रक्तस्राव असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते, किंवा गोठलेल्या रक्ताचा आतल्या बाजूला वळलेला कडा दिसतो, आणि डॉपलर लावला तर त्या गोठ्यात रक्तप्रवाह नसतो. इतकं स्पष्ट दिसलं असतं तर ५ सेमीच्या आतल्या हेमरेजिक, म्हणजे आत रक्त साठलेल्या सिस्टलासुद्धा परत बोलावलं नसतं. तुमच्या रिपोर्टात 'शक्यता' लिहिली आहे, म्हणजे बघणाऱ्याला खात्री नव्हती. परत सोनोग्राफी करायची ती त्या अर्धवट चित्रासाठी. ४.८ हा आकडा किंवा चालू असलेली गोळी, ही त्याची कारणं नाहीत.

पाचव्या दिवसाचं कोडं सोपं आहे. ज्यांना नियमित पाळी येते त्यांना आम्ही पाळीनंतर लगेच बोलावतो, कारण तेव्हा त्या महिन्याचा नवा कोश लहान असतो आणि जुन्या सिस्टशी गल्लत होत नाही. रिपोर्टातलं ते वाक्य आम्ही बरेचदा ठरावीक साच्यातून टाकतो. मिनी पिलवर असलेल्या बाईला हा नियम लागूच होत नाही. तुम्ही पाळीची वाट बघू नका. पहिल्या सोनोग्राफीपासून ८ ते १२ आठवड्यांत कधीही जा. आतून करून घ्या, त्याला लघवी साठवावी लागत नाही. फॉर्मवर शेवटच्या पाळीच्या रकान्यात 'डेसोजेस्ट्रेल चालू, स्तनपान चालू' असं ठळक लिहा. ते नाही लिहिलं तर बघणारी व्यक्ती तुम्हाला नेहमीचं चक्र आहे असं धरून रिपोर्ट देते.

आणि दोन आठवड्यांनी जाऊन मध्येच बघू नका. तेवढ्यात रक्त विरत नाही, नुसती काळजी वाढते.

तात्या मेडिकलवाले
डॉक्टर, चित्राचं पटलं. पण गोळीने विरघळते हे मी डोळ्यांनी बघितलंय. एकदोन नव्हे, शेकडो.

स्त्रीरोग_ओपीडी
तात्या, तुम्ही बघितलंत ते खरं आहे, कारण दुसरं आहे. फंक्शनल सिस्ट दोन-तीन महिन्यांत स्वतःहून जाते. त्या तीन महिन्यांत गोळी दिली, काढा दिला किंवा काहीच दिलं नाही, तरी ती जाते. नेमकं हेच तपासायला गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांची तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या. अशा ८ चाचण्यांमधल्या ६८६ बायकांचा एकत्र आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने घेतला. गोळीने सिस्ट लवकर गेली असं त्यात दिसलं नाही. जी उरली ती बहुधा फंक्शनल नव्हतीच: एंडोमेट्रिओसिसची गाठ किंवा ओव्हरीशेजारची सिस्ट.

गोळीने नवी सिस्ट होण्याचं प्रमाण कमी होतं, हा तुमचा अर्धा भाग बरोबर आहे. जुन्या जास्त डोसच्या गोळ्यांत तो परिणाम ठळक होता, हल्लीच्या २०-३० मायक्रोग्रॅमवाल्यांत तितका नाही. पण झालेली सिस्ट त्याने विरघळत नाही. आमच्यातले बरेच जण अजून लिहून देतात हेही खरं. पेशंटला काहीतरी दिल्याचं समाधान होतं.

कृष्णाकाठची, तुम्हाला मुळात मिनी पिलच का दिली? फक्त बाळ अंगावर पितं म्हणून, की आणखी काही?

कृष्णाकाठची
मला अर्धशिशी आहे. डोकं दुखायच्या आधी एका डोळ्यापुढे नागमोडी चमकणाऱ्या रेघा येतात, वीस मिनिटं दिसत नाही नीट. ते ऐकून डॉक्टरांनी 'तुला हीच' म्हटलं होतं.

स्त्रीरोग_ओपीडी
मग तात्यांचं पाकीट तुमच्यासाठी नाही. अशा रेघा येणाऱ्या अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून ती द्यायचीच नसते. दुकानातून परस्पर गोळी बदलू नका. मिनी पिल चालू ठेवून बहुतेक सिस्ट जातात. त्यासाठी ती बंद करावी लागत नाही, आणि अचानक बंद केलीत तर दुसरी सोय नसताना दिवस राहायचे.

आणखी एक, रिपोर्टात नाही पण मी आधी विचारलं असतं. लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट केली का? पोटात एका बाजूला दुखतंय, पाळीचा पत्ता नाही, आणि ओव्हरीत सिस्ट. दिवस राहिल्यावरच्या कॉर्पस ल्युटियमची, म्हणजे बीज सुटल्यावर मागे उरलेल्या कोशाची सिस्टही अशीच दिसते, आणि गर्भ नळीत अडकलेला असेल तर ते चुकवून चालत नाही. डेसोजेस्ट्रेल वेळेवर घेत असाल तर शक्यता कमी, पण टेस्ट पन्नास-शंभर रुपयांची आहे.

कृष्णाकाठची
आज केली. एकच रेघ, निगेटिव्ह. तात्या, रागावू नका हं.

तात्या मेडिकलवाले
रागावतोय कशाला. अर्धशिशीचं मी काऊंटरवर कधी विचारलं नव्हतं. उद्यापासून विचारणार.

उपकेंद्र_सिस्टर
आमच्या गावातल्या बायका 'छाया' गोळी घेतात आणि तिलाच मिनी पिल म्हणतात. ती मिनी पिल नाही, तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. तिने बीज बाहेर पडणं थांबतंच असं नाही, त्यामुळे छायावर असताना सिस्ट दिसली तर वरचं गोळीने फुगलेल्या कोशाचं स्पष्टीकरण तिथे चालणार नाही. सोनोग्राफीला जाताना बाईने पाकीटच सोबत न्यावं, हे मी सगळ्यांना सांगते. 'सरकारी गोळी' एवढंच सांगतात आणि डॉक्टर दोन हार्मोन्सची माला-एन समजतात.

सावलीतली ओळ
सिस्टर, पाकीट नेण्याचं अगदी पटलं. टीबीची औषधं चालू असतील तर तेही सांगायला हवं. रिफॅम्पिसिन या गोळ्यांचं हार्मोन यकृतात भराभर संपवतं, मग गोळी चालू असून नसल्यासारखी.

माहेर_अकोला
माझ्या आईला ३.५ सेमीची साधी सिस्ट निघाली आहे. वर वाचून जिवात जीव आला, ५ च्या आत म्हणजे काही करायला नको ना? आई ५८ वर्षांची आहे.

सावलीतली ओळ
नाही, हा नियम आईला लावू नका. पाळी गेल्यानंतर कोश वाढायचं कारण उरत नाही, म्हणून तिथे मोजमाप वेगळं असतं. साधी दिसत असली तरी त्यांना काही महिन्यांनी परत बघतात आणि सोबत ओव्हरीच्या कर्करोगाचा अंदाज घ्यायला सीए-१२५ रक्ततपासणी करतात. आईला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. घाईने नव्हे, पण न्या.

कृष्णाकाठची
सीए-१२५ चा विषय निघालाच आहे तर... नणदेने लॅबचं पॅकेज बुक केलं होतं, त्यात ही तपासणी होती. माझी ४२ आली, ३५ च्या आत हवी असं छापलंय, लाल रंगात. कालपासून झोप नाही.

स्त्रीरोग_ओपीडी
तुमच्या वयात आणि अशा चित्रात मी ती सांगितली नसती, ती याच कारणाने. एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, पाळीचे दिवस, ओटीपोटातली सूज, पोटाचा टीबी, अशा कितीतरी गोष्टींनी ती वाढते. ३५ च्या थोडी वर जाण्याला तुमच्या बाबतीत फारसा अर्थ नाही. काही शेकड्यांत असती तर वेगळं बोललो असतो. आता परत परत करू नका. उत्तर दुसऱ्या सोनोग्राफीतून येईल.

लेस्टरकर
थोडं अवांतर. समजा ४.८ च्या जागी ५.५ असती आणि साधी असती, तर? इकडे वर्षाने बोलावतात असं ऐकलं.

स्त्रीरोग_ओपीडी
हो, ब्रिटनच्या रॉयल कॉलेजची २०११ ची मार्गदर्शिका ५ ते ७ सेमीच्या साध्या सिस्टला वर्षाने सोनोग्राफी सांगते, आणि ७ च्या वर एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार. मी मात्र माझ्या पेशंटला तीन महिन्यांनी बोलावतो. वर्षाने बोलावलं तर निम्म्या येत नाहीत, उरलेल्या दुसऱ्याच शहरात दुसऱ्याच डॉक्टरांकडे जुना रिपोर्ट न घेता जातात.

सावलीतली ओळ
इथे माझं तुमच्याशी जमत नाही. आतून, स्वच्छ दिसलेली साधी सिस्ट असेल तर तीन महिन्यांनी बोलावून आपण काय शोधतो? तेव्हाही राहिली असेल तर आणखी तीन महिने, मग कुणीतरी वैतागून दुर्बिणीतून काढतं. साध्या सिस्टचं या वयात कर्करोगाशी नातं जवळजवळ नाहीच. तीन महिन्यांची घाई मी फक्त शंका असलेल्या चित्राला ठेवते.

स्त्रीरोग_ओपीडी
पिळा पडण्याची भीती मला असते, तुम्हाला रात्री दोनला फोन येत नाही. पण मान्य, बिनकामाची लॅप्रोस्कोपी मीही बघितली आहे.

केतकी७९
पिळा म्हणजे? हिला कसं कळायचं तसं झालं तर?

स्त्रीरोग_ओपीडी
ओव्हरी स्वतःच्या देठाभोवती फिरते आणि तिचा रक्तपुरवठा अडतो. ५ सेमीच्या वरच्या गाठीत जास्त, पण लहानातही होतं. एकाएकी, बहुतेक एकाच बाजूला, कळवळून टाकणारी कळ येते आणि सोबत उलट्या. कधी कळ येते, थांबते, परत येते, म्हणून माणूस गॅस समजून घरी थांबतो. कृष्णाकाठचीला आत्ता जे जड-जड वाटतंय ते हे नव्हे. पण तशी कळ आली तर ८ आठवड्यांची तारीख विसरायची आणि त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं. डॉपलरमध्ये रक्तप्रवाह दिसला म्हणून पिळा नाही असंही ठरत नाही. सिस्ट फुटून पोटात रक्त साठलं तर चक्कर, घाम, खांद्यात दुखणं, तेव्हाही तसंच.

कृष्णाकाठची
सगळ्यांना सांगायला उशीर झाला. दहा आठवड्यांनी आतून सोनोग्राफी केली, गोळी चालूच आहे. उजवीकडे आता १.९ सेमीचा स्वच्छ कोश, इको नाहीत. जडपणा महिन्याभरात गेला होता. पण आता लिहिलंय 'डाव्या ओव्हरीत २.७ सेमीची सिस्ट'. घरी परत सुरू: 'इकडची तिकडे गेली'.

सावलीतली ओळ
उजवीकडची सिस्ट गेली, हे उत्तर मिळालं. डावीकडचा २.७ सेमीचा कोश आहे. ३ सेमीपर्यंत या वयात त्याला मी रिपोर्टात सिस्ट असं लिहीतही नाही, कारण तो शब्द एकदा कागदावर आला की पुढची दोन वर्षं कुटुंब सोनोग्राफी करत बसतं. मिनी पिल चालू असेपर्यंत इकडे-तिकडे असे कोश दिसतच राहणार. दुखत नसेल तर यासाठी परत करू नका.

कृष्णाकाठची
डॉक्टर गावाहून आल्यावर त्यांनी विचारलं, पुढे हेच ठेवायचं की कॉपर टी बसवायची? त्यात हार्मोन नाही, पण माझ्या बहिणीला तिने खूप रक्तस्राव झाला होता. अजून ठरवलं नाहीये.

स्त्रीरोग_ओपीडी
वारंवार दुखणाऱ्या सिस्ट होत असतील तर बदलायला कारण आहे. एकदा झाली आणि गेली, तेवढ्यासाठी मी बदलली नसती. बहिणीच्या रक्तस्रावावरून तुमचं काही सांगता येत नाही. तुमच्या पाळीला आधी किती जायचं ते डॉक्टरांना सांगा.

दुपारची_झोप
हा धागा आजच वाचला. माझी सिस्ट ४.४ आहे, गोळी दोन हार्मोन्सची, दोन्ही वेळा आतूनच बघितलं. चार महिने झाले, ४.४ ची ४.२ झाली. लहान होतेय म्हणायचं ना?

सावलीतली ओळ
दोन मिलिमीटरचा फरक दोन वेगळ्या हातांनी मोजला तरी येतो, त्याला लहान होणं म्हणत नाहीत. तशीच राहिली आहे असं धरा. चार महिने जी हलली नाही ती फंक्शनल असण्याची शक्यता कमी. रिपोर्टात 'ओव्हरीपासून वेगळी' किंवा 'पॅराओव्हेरियन' असं काही लिहिलंय का? की आत 'ग्राउंड ग्लास' वगैरे? दोन्ही रिपोर्टांतली वाक्यं जशीच्या तशी इथे टाका, नाव आणि केंद्राचं नाव झाकून.